नमुना मंजूर, माल नमुन्यासारखाच, तरी गिऱ्हाईक म्हणतं ‘फुकट परत छापा नाहीतर पैसे परत’. उत्तर काय द्यावं?

खोकेवाला_सिंधुदुर्ग

आंब्याच्या पेट्यांचं काम आहे. एक डझनाची पेटी, ३ प्लाय, वरचा कागद तपकिरी क्राफ्ट, छपाई फ्लेक्सोवर दोन रंगांत (केशरी आणि हिरवा). १००० पेट्या, दर ३२ रुपये अधिक जीएसटी. निम्मे पैसे, म्हणजे १६,००० रुपये आगाऊ मिळाले आहेत, उरलेले बाकी.

स्टिरिओ, म्हणजे छपाईचा ठसा, बनल्यावर मशीनवर सेटिंग करताना क्राफ्टवरच चार पेट्या काढल्या. त्यातल्या दोन पेट्यांवर गिऱ्हाइकाची सही आणि तारीख घेतली, एक त्यांना दिली, एक माझ्याकडे ठेवली. कोटेशनवर ‘सही केलेल्या नमुन्याप्रमाणे’ असं लिहिलेलं आहे. २४ मार्चला माल पोचवला. २७ ला निरोप आला की केशरी रंग मातकट दिसतोय, असं ठरलं नव्हतं, चार दिवसांत पुन्हा छापून द्या नाहीतर आगाऊ पैसे परत करा.

गिऱ्हाईक वयाने मोठे आहेत, मी त्यांना काका म्हणतो, पुढच्या वर्षीचं कामही त्यांच्याकडून येऊ शकतं. पुन्हा छापायचं तर कागद, शाई, मजुरी धरून माझ्या खिशातून २४,००० च्या आसपास जातील. नाही म्हणायचं ठरवलंय, पण कसं म्हणायचं ते कळत नाही.

निरंजन_७७

यात विचार कसला? बिलावर ‘एकदा छापलेला माल परत घेतला जाणार नाही’ असेलच. फोटो काढून पाठवा आणि बाकी मागा. शिवाय तुमची उद्यम नोंदणी असेल तर एमएसएमई कायद्यात १५ दिवसांचा नियम आहे. १५ दिवस गेले की गिऱ्हाइकाला तक्रार करता येत नाही. तोवर उत्तरच देऊ नका.

शाई_आणि_कागद

उत्तरच द्यायचं नाही हे करू नका, निरंजन. तक्रार तिसऱ्या दिवशी आलेली आहे, म्हणजे १५ दिवसांच्या आतच आहे. आणि तो नियम तुम्ही सांगताय तसा नाही. २००६ च्या त्या कायद्यात १५ दिवस येतात ते पैसे देण्याची मुदत कधी सुरू होते हे ठरवण्यासाठी. त्या दिवसांत लेखी हरकत आली तर हरकत दूर होईल त्या दिवसापासून मुदत मोजतात, नाही आली तर माल पोचला त्या दिवसापासून. गिऱ्हाइकाचा तक्रारीचा हक्क त्याने पुसला जात नाही. उलट इथे हरकत आली असताना तुम्ही गप्प बसलात, तर पैसे देण्याच्या ४५ दिवसांच्या मुदतीचं घड्याळ चालू झालं की नाही यावरच वाद लागेल.

बिलावरची ती ओळही फार आधाराला येत नाही. माल सदोष असेल तर तसली ओळ छापून सुटता येत नाही. माल निर्दोष असेल तर त्या ओळीची गरजच नाही.

खोकेवाला, तुमचा आधार दुसरा आहे आणि तो भक्कम आहे. १९३० च्या माल विक्री कायद्यात कलम १७ नमुन्यावरून होणाऱ्या विक्रीचं आहे. माल दर्जाने नमुन्यासारखा हवा, गिऱ्हाइकाला माल आणि नमुना ताडून पाहायची संधी मिळायला हवी, आणि नमुना नीट पाहूनही दिसला नसता असा, माल विकण्याजोगा न ठेवणारा दोष त्यात नसावा. या तीन गोष्टी जुळल्या की तुमचं उत्तर उभं राहतं. म्हणून ‘नाही’ कसं म्हणायचं हा दुसरा प्रश्न. आधी माल खरंच नमुन्यासारखा आहे का, ते दाखवता आलं पाहिजे. ताडून पाहिलंत का?

खोकेवाला_सिंधुदुर्ग

माझ्याकडे राहिलेल्या पंधरा-वीस जादा पेट्या पाहिल्या. नमुन्यासारख्याच आहेत.

शाई_आणि_कागद

त्या तुमच्याकडच्या. काकांकडे गेलेल्या पाहायला हव्यात. एका रिळाचा क्राफ्ट संपून दुसरं रीळ लागलं की कागदाची छटा बदलते. रद्दीपासून बनणाऱ्या क्राफ्टमध्ये तर एक रीळ पिवळसर आणि पुढचं काळपट असं सर्रास होतं. आणि फ्लेक्सोची पाण्याची शाई पारदर्शक असते, खालचा कागद तिच्यातून दिसतो. कागद दोन छटा गडद आला तर शाई तीच असून केशरी विटकरीकडे झुकतो.

तेव्हा स्वतः जा. सही केलेली पेटी बरोबर न्या आणि त्यांचीही बाहेर काढायला सांगा. गठ्ठे उतरवले असतील तिथे वेगवेगळ्या चार गठ्ठ्यांमधून, वरून, मधून आणि खालून मिळून दहा पेट्या काढा. ट्यूबलाइटखाली किंवा पिवळ्या बल्बखाली पाहू नका आणि थेट उन्हातही नको. सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान पडवीत, सावलीत, नमुना मधोमध ठेवून दोन्ही बाजूंना पेट्या लावा. लांब धरून नाही, कडेला कड चिकटवून पाहा. रंगातला फरक कडेवरच कळतो. काकांना शेजारी उभं करा आणि तिथेच एक फोटो काढा, ज्यात दोन्ही सह्या दिसतील.

हेही तपासा. केशरी आणि हिरवा एकमेकांवरून दोन-तीन मिलिमीटर सरकलेत का. ओला अंगठा दहा वेळा घासल्यावर शाई बोटाला येते का. छापताना दाब जास्त पडून आतली पन्हाळ चेपली आहे का. शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण चेपलेली पेटी थरावर थर लावली की खालची बसते आणि आंबा दबतो. यातलं काहीही नमुन्यात नव्हतं आणि मालात आहे असं निघालं तर वाद घालू नका, तेवढ्या पेट्या बदलून द्या. सगळं नमुन्यासारखं असेल तरच ‘नाही’.

मधुरा_शिवणकाम

माझं पण असंच चालू आहे म्हणून विचारते. ब्लाउजचा मागचा गळा नऊ इंच खोल सांगितला, मी नऊ इंच शिवला, आता बाई म्हणतात फार खोल झाला, फुकट बदलून द्या. मापवहीत नऊच लिहिलंय. मी काय म्हणू?

शाई_आणि_कागद

मधुराताई, तुमच्यात एक मोठा फरक आहे. तुमच्याकडे आकडा आहे, टेप लावला की वाद संपतो. फक्त नऊ इंच कुठून मोजायचे, खांद्याच्या शिवणीपासून की मानेच्या मागच्या हाडापासून, ते मापवहीत लिहिलेलं आहे का पाहा. ते नसेल तर दोघींचंही म्हणणं खरं ठरू शकतं. वेगळा धागा काढलात तर तिथे सविस्तर लिहितो, इथे पेट्यांचं चालू द्या.

आमराई_राजापूर

मी बागायतदार आहे, छपाईवाला नाही. काकांच्या बाजूने दोन शब्द बोलतो.

आम्हाला नमुना दाखवतात तो घाईत. मार्च म्हणजे पहिल्या तोडणीची गडबड, समोर गाडीवाला उभा, प्रेसवाला म्हणतो सही करा, आम्ही करतो. पेटीवर रंग छापलाय का, नाव बरोबर आहे का, फोन नंबर बरोबर आहे का एवढंच बघतो. केशरी क्राफ्टवर मातकट होतो हे आम्हाला कुठून कळणार? ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही सांगायला हवं होतं की काका, हा रंग खुलायचा असेल तर वर पांढरा कागद घ्या, दोन-तीन रुपये जास्त पडतील. ते सांगितलं होतं का?

खोकेवाला_सिंधुदुर्ग

तोंडी बोललो होतो. कोटेशनमध्ये पांढऱ्या कागदाचा दरही दिला होता, ३५.५० रुपये. त्यांनी ३२ चा निवडला.

अजून एक सांगायचं राहिलं. नमुना मंजूर झाल्यावर दोन दिवसांनी त्यांच्या मुलाने इन्स्टाग्रामवर टाकायला पेटीचं चित्र मागितलं. डिझाइनरने संगणकावर बनवलेलं चित्र पाठवलं, त्यात केशरी एकदम झळझळीत आहे. आता ते तक्रारीबरोबर तेच चित्र पाठवतायत की ‘हे ठरलं होतं’.

शाई_आणि_कागद

हे पहिल्याच संदेशात यायला हवं होतं. वादाची गाठ इथेच आहे.

मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो, तपकिरी कागद उजेड गिळतो. पडद्यावरचा तो केशरी क्राफ्टवर पाण्याच्या शाईने येणं शक्य नाही, खाली पांढऱ्याचा थर दिल्याशिवाय. हे तुम्ही त्यांना समजावू शकता, पण उत्तराचा मुख्य मुद्दा करू नका. ‘तुम्हाला तांत्रिक कळत नाही’ असं ऐकू येतं आणि माणूस दुखावतो.

मुख्य मुद्दा तारखांचा. नमुना आधी, सही त्यावर, चित्र नंतर, आणि तेही पोस्टसाठी मागितलेलं. मुलाचा तो संदेश शोधा. त्यात ‘इन्स्टासाठी फोटो पाठवा’ अशा अर्थाचे शब्द असतील तर चित्राने करार बदलला असं म्हणता येत नाही. पण तुमच्या माणसाने चित्राखाली ‘अशी पेटी येईल’ असं काही लिहिलं असेल तर तुमची बाजू पातळ होते. काय लिहिलंय?

खोकेवाला_सिंधुदुर्ग

मुलाचा संदेश: ‘इन्स्टासाठी पेटीचा छान फोटो द्या’. आमच्याकडून फक्त चित्र गेलं, खाली शब्द नाही.

वसुली_आणि_हिशेब

मी हिशेबाच्या बाजूने विचारते. १००० पैकी किती पेट्या वापरल्या? तक्रारीनंतर वापरल्या का?

खोकेवाला_सिंधुदुर्ग

आज कळलं, १८० पेट्या भरून मुंबईला गेल्या. तक्रार २७ ला, या १८० त्यानंतर, २८ आणि २९ ला.

वसुली_आणि_हिशेब

मग हे उत्तरात हळुवार पण स्पष्ट यायला हवं. त्याच १९३० च्या कायद्यात कलम ४२ म्हणतं की माल ताब्यात आल्यावर गिऱ्हाइकाने तो आपलाच असल्यासारखा वापरला तर त्याने तो स्वीकारला असं धरतात. पेटीत आंबा भरून विकणं हे त्याचं ठळक उदाहरण आहे. एकदा माल स्वीकारला की तो नाकारून पूर्ण पैसे परत मागता येत नाहीत, फार तर कमीपणाची भरपाई मागता येते, आणि तीही कमीपणा सिद्ध झाला तर.

आमराई_राजापूर

ताई, २८ ला तोडलेला आंबा पेटीत भरायचाच असतो. दुसरी पेटी कुठून आणणार? नाइलाजाने वापरलं म्हणजे पसंत पडलं असं कसं?

वसुली_आणि_हिशेब

निदान त्या १८० पुरतं तरी तसं धरलं जाईल असं मला वाटतं. उरलेल्या ८२० बद्दल मी ठाम बोलणार नाही.

निरंजन_७७

मग सांगा, उरलेल्या ८२० तुमच्या खर्चाने प्रेसवर पाठवा, मग बोलू.

वसुली_आणि_हिशेब

ते सांगू नका. माल नाकारणाऱ्याने तो परत पोचवलाच पाहिजे असं नाही, वेगळं ठरलं नसेल तर नाकारतोय असं कळवलं की पुरे, कलम ४३. आणि ‘पाठवा’ म्हणालात की तुम्ही परत घ्यायला तयार आहात असं लेखी झालं.

शाई_आणि_कागद

आता उत्तराकडे येतो.

आजच एक छोटा निरोप पाठवा, ज्यात हो नाही आणि नाही नाही: ‘काका, तुमची तक्रार मिळाली. उद्या सकाळी अकराला नमुना घेऊन येतो, दोघं मिळून बघू. परवा संध्याकाळपर्यंत लेखी उत्तर देतो.’ हंगामात माणूस चिडतो तो नकारापेक्षा वाट पाहण्याने.

पाहून आल्यावर पेट्या नमुन्यासारख्या निघाल्या तर मी असं लिहीन:

> काका, नमस्कार. काल तुमच्या पडवीत आपण चार गठ्ठ्यांतल्या दहा पेट्या १२ मार्चच्या सही केलेल्या नमुन्याशेजारी ठेवून पाहिल्या. कागद, दोन्ही रंग आणि छपाईची जागा नमुन्यासारखीच आहे. फोटो सोबत आहे.
>
> मोबाइलवरचं चित्र १४ मार्चला इन्स्टाग्रामसाठी दिलं होतं. पेटीची छपाई सही केलेल्या नमुन्यावरून झाली आहे. पांढऱ्या कागदाचा ३५.५० रुपयांचा दरही कोटेशनमध्ये होता, आपण तपकिरी निवडला.
>
> त्यामुळे पुन्हा फुकट छापणं किंवा आगाऊ रक्कम परत करणं मला शक्य नाही. बाकी १६,००० रुपये आणि जीएसटी ठरल्याप्रमाणे १० एप्रिलपर्यंत द्यावेत.
>
> उरलेल्या ८२० पेट्यांवर रंग उठून दिसावा असं तुम्हाला वाटत असेल तर ४ बाय ३ इंचाचे पांढऱ्या क्रोमो कागदाचे स्टिकर दोन दिवसांत देतो. त्यावर केशरी चित्रासारखा येईल. मला जो खर्च येईल तेवढाच घेईन, नफा नाही. हे आपल्या संबंधांखातर आहे, मालात दोष आहे म्हणून नाही. हवं असेल तर १ एप्रिलपर्यंत कळवा.

यात ‘माफ करा, चूक झाली’ कुठेही नाही, ते मुद्दाम. आपण सवयीने ‘सॉरी काका’ लिहितो आणि पुढे तोच संदेश कबुलीजबाब म्हणून समोर येतो. वाईट वाटलं हे फोनवर बोला. लेखी लिहायचंच तर ‘तुम्हाला रंग पसंत पडला नाही याचं वाईट वाटतं’ इथे थांबा.

वापरलेल्या १८० पेट्या पहिल्या पत्रात घालू नका. तो मुद्दा राखून ठेवा, काका वकिलाकडे गेले तर लागेल.

वसुली_आणि_हिशेब

मी घातला असता. एका ओळीत, ‘१८० पेट्या वापरात आल्याची नोंद आहे’. आत्ता लिहिलं नाही आणि महिन्याने लिहिलं तर मागाहून सुचलेलं वाटतं.

शाई_आणि_कागद

तुमचं म्हणणं मान्य आहे. पण काकांना ती ओळ धमकीसारखी लागेल, म्हणून मी टाळली. खोकेवाल्यांनी माणूस पाहून ठरवावं.

अनुजा_लेबल्स

स्टिकरचं माझं काम आहे, म्हणून तेवढंच. क्राफ्टवर धूळ आणि तंतू असतात, साध्या गोंदाचा स्टिकर दमट हवेत दोन-तीन दिवसांत कडेने सुटतो. जास्त पकडीचा गोंद मागा. पेटी उभी करण्याआधी, सपाट असतानाच कापडाने पुसून चिकटवा. हवेच्या भोकांवर स्टिकर येऊ देऊ नका, नाहीतर आत उष्मा साठून फळ खराब होईल आणि ती नवी तक्रार खरीच असेल. सरळ कट ठेवा. आंब्याच्या आकाराचा डाय करायला गेलात तर दोन दिवसांत मिळणार नाही.

८२० साठी ८५० छापा, चिकटवताना वाया जातात. माझ्याकडे या मापाला दीड-दोन रुपये पडतात, म्हणजे सगळं मिळून १७०० च्या आत. पुन्हा छपाईच्या २४,००० पुढे हे काही नाही. खरं सांगायचं तर खर्चसुद्धा घेऊ नका, द्या असेच.

वसुली_आणि_हिशेब

इथे मी सहमत नाही. फुकट दिलं की दोष होता म्हणून दिलं असा अर्थ निघतो. निदान बिल वेगळं करा आणि नाममात्र रक्कम लावा. आणि मूळ बिलातच सूट द्यायची वेळ आली तर आधी सीएशी बोला, नुसती क्रेडिट नोट काढायची की जीएसटीही कमी करायचा हे दोन वेगळे रस्ते आहेत. मात्र रोख हजार-दोन हजार हातावर ठेवून मिटवू नका, त्याची नोंद कुठेच राहत नाही.

निरंजन_७७

आणि ग्राहक आयोगात गेले तर? पेट्या धंद्यासाठी घेतल्या, ते ग्राहक नाहीतच ना?

शाई_आणि_कागद

तसं सरळ म्हणता येत नाही. २०१९ च्या कायद्यात व्यावसायिक कारणासाठी घेतलेला माल वगळलाय हे खरं. पण स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच घेतलेला माल व्यावसायिक धरत नाहीत. काका स्वतः बाग बघून स्वतः आंबा विकत असतील तर तो मुद्दा ते मांडू शकतात. पंचवीस मजूर आणि निर्यात असेल तर अवघड. मालाची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, त्यामुळे ‘कोण जातंय’ असं धरून चालू नका. सही केलेली पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून अंधारात ठेवा, उन्हात राहिली तर केशरी उडेल आणि पुरावाच बदलेल.

आमराई_राजापूर

मला अजून एक पटलेलं नाही. पांढऱ्या कागदाचा दर कोटेशनमध्ये होता, ठीक. पण त्यापुढे ‘क्राफ्टवर केशरी मातकट दिसेल’ असं लिहिलं होतं का? नुसते दोन दर पाहून आम्ही स्वस्त घेणारच. फरक कशाचा आहे ते कळलं असतं तर साडेतीन रुपये दिले असते.

शाई_आणि_कागद

ते लिहायला हवं होतं, यात दुमत नाही. ‘तोंडी बोललो’ सिद्ध होत नाही. क्राफ्टची पेटी नमुना म्हणून हातात दिली होती, म्हणून खोकेवाल्यांची बाजू टिकते असं मला वाटतं. नमुना पांढऱ्या कागदावर दाखवला असता आणि माल क्राफ्टवर दिला असता तर मी त्यांना परत छापून द्यायला सांगितलं असतं. पण छापणाऱ्याने आपण होऊन किती सावध करायचं, याची रेघ कुठे मारायची यावर आपलं दोघांचं एकमत होणार नाही.

खोकेवाला_सिंधुदुर्ग

आज जाऊन आलो. दहापैकी नऊ पेट्या नमुन्यासारख्या. एक उघड गडद, तिच्या गठ्ठ्यात २५ पेट्या होत्या, सगळ्या तशाच. दुसऱ्या रिळाचा कागद. काकांनी स्वतःच नमुना शेजारी धरला आणि बाकीच्यांबद्दल काही बोलले नाहीत. मुलगा मात्र चित्रावर अडून आहे.

शाई_आणि_कागद

उरलेले सगळे गठ्ठे उघडून पाहा, तसे अजून निघतील. जेवढ्या गडद निघतील तेवढ्या आकडा घालून विनामूल्य बदलून द्या आणि पत्रात तसं लिहा: ‘२५ पेट्या नमुन्यापेक्षा गडद निघाल्या, त्या मी बदलून देतो.’ त्या तेवढ्यांपुरती जबाबदारी तुमची आहे. बाकी पत्र तसंच राहू द्या, फक्त स्टिकरचा आकडा कमी होईल.

खोकेवाला_सिंधुदुर्ग

सगळे गठ्ठे पाहिले, गडद ५० निघाल्या. त्या बदलून देतोय, पत्र पाठवलं. १८० ची ओळ घातली नाही. स्टिकर ७७० पेट्यांना पुरतील एवढे खर्चाच्या दरात घ्यायला काका तयार आहेत. बाकीच्या १६,००० पैकी १०,००० आज आले, उरलेल्याचं ‘हंगाम संपल्यावर बघू’ म्हणतायत.

वसुली_आणि_हिशेब

‘हंगाम संपल्यावर’ ला तारीख मागा. १०,००० ची पावती देताना त्यावरच ‘बाकी ६,००० अधिक जीएसटी’ लिहून व्हॉट्सॲपवर पाठवा आणि त्यांच्याकडून ‘ठीक आहे’ एवढं तरी येऊ द्या. बदललेल्या ५० पेट्यांच्या चलनावरही सही घ्या, नाहीतर त्या ५० चाच हिशेब मे महिन्यात पुन्हा निघेल.